दर महिन्याला पक्का माल देण्याच्या बोलीवर ट्रान्सपोर्टचं भाडं कमी करून घेणं : सही करू का?

मुग्धा_भोसरी | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रिकल पॅनेलला लागणारे पत्र्याचे बॉक्स बनवतो. माल पार्टलोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत जातो, मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद आणि इंदूरला, बाकी किरकोळ इकडे-तिकडे. कारखान्याचा जमाखर्च आणि डिस्पॅच मी बघते, प्रॉडक्शन आमचे हे बघतात.

गेल्या वर्षभराच्या बिल्ट्या काढून बसले तर महिन्याला सरासरी ११ टन चार्जेबल वजन, म्हणजे ज्यावर भाडं लागतं ते वजन, निघालं. त्यातलं बेंगळुरूचं साडेचार टन. सरासरी दर किलोला साडेनऊ रुपये पडतो. डॉकेट चार्ज, फ्युएल सरचार्ज, मालाच्या किमतीवर लागणारा एफओव्ही वगैरे धरून महिन्याचं बिल सव्वा लाखाच्या पुढे जातं. आमच्या मालात नफा किती असतो हे या धंद्यातल्यांना सांगायला नको, त्यामुळे हा आकडा मला खुपतो.

मी ट्रान्सपोर्टवाल्यांना म्हटलं, माल आम्ही दर महिन्याला देतोच, भाडं कमी करा. त्यांचे सेल्सचे साहेब येऊन एक पत्र देऊन गेले. महिन्याला १२ टन पक्के द्या, मूळ भाड्यात ८ टक्के कमी करतो. शुक्रवारपर्यंत सही मागतायत. सरासरी ११ आहे, म्हणजे १२ काही फार लांब नाही असं ह्यांचं म्हणणं. मला मात्र काहीतरी राहून जातंय असं वाटतंय. कोणी असा करार केलाय का?

हिशोबनीस | सोमवार, रात्री १०:२०

ताई, घासाघीस करायची तर आकडा मोठाच सांगायचा. १२ काय, १५ टन सांगा आणि १२ टक्के मागा. ट्रान्सपोर्टवाल्याला टनेज दिसलं की तो खाली येतो, हा साधा नियम आहे. ८ टक्के म्हणजे तुमच्या मूळ भाड्यावर महिन्याला ८,३६० रुपये, वर्षाला लाख रुपये झाले. सोडू नका.

राहुल_चाकण | सोमवार, रात्री १०:४५

आम्ही चाकणला ऑटो कंपोनंट करतो. आमचं भाडं गाडीवर ठरतं, किलोवर नाही. आठवड्याला ठरलेल्या गाड्या लावतो, दर वर्षाला एकदा ठरतो. तुम्हीही माल साठवून महिन्याला एक फुल गाडी बेंगळुरूला का नाही काढत? किलोला बरंच स्वस्त पडेल.

मुग्धा_भोसरी | सोमवार, रात्री ११:०५

राहुलदादा, आमच्याकडे महिनाभर माल ठेवायला जागा नाही आणि बेंगळुरूचे पॅनेल बनवणारे ऑर्डर टाकली की आठवड्यात माल मागतात. तिथे एक गिऱ्हाईक नाही, नऊ आहेत, आणि तेही शहरभर विखुरलेले.

निगडीकर | मंगळवार, सकाळी ७:१५

मुग्धाताई, सही करू नका. निदान या शुक्रवारी तरी नको. मी ट्रान्सपोर्टनगरला एका पार्टलोड कंपनीच्या शाखेत १९ वर्षं काढली, शेवटची सात ब्रँच मॅनेजर म्हणून. असली पत्रं मी स्वतः लिहिली आहेत, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे, त्या पत्रात १२ टन भरले नाहीत तर काय होईल हे कसं लिहिलंय ते बघा. दोन प्रकार असतात. एकात कमी भरलं तर त्या महिन्याला जुना दर लागतो. दुसऱ्यात जेवढे टन कमी पडले तेवढ्याचं भाडं तुम्हीच भरायचं, माल गेला नसला तरी. दोन्ही पत्रं वरून सारखीच दिसतात, फरक शेवटच्या परिच्छेदात असतो.

दुसरं, सरासरी मला सांगू नका. सगळ्यात वाईट महिन्यात किती माल गेला ते सांगा. आणि महिन्यातल्या कुठल्या आठवड्यात किती जातो, तेही.

मुग्धा_भोसरी | मंगळवार, दुपारी १:३०

निगडीकर काका, तुम्ही म्हणालात तसं पत्र पुन्हा वाचलं. दुसराच प्रकार आहे. ‘किमान हमी वजनापेक्षा कमी पडलेल्या वजनावर करारातील दराने आकारणी’ असं वाक्य आहे. काल मी ते वाचलं होतं, पण अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

वाईट महिना दिवाळीचा. कामगार गावाला जातात, गिऱ्हाइकांचीही युनिटं बंद असतात. त्या महिन्यात ६.८ टन गेला होता. चांगल्या महिन्यात १६ पर्यंत गेलाय. बाराच्या खाली राहिलेले महिने मोजले तर सात आहेत.

आठवड्यांचं बघितलं तर मलाच धक्का बसला. जवळजवळ निम्मा माल २५ तारखेनंतर जातो. बिलिंग महिनाअखेरीला उरकायचं असतं ना!

निगडीकर | मंगळवार, रात्री ८:४०

आता हिशोब करू. साडेनऊमधून ८ टक्के गेले की दर ८ रुपये ७४ पैसे. दिवाळीच्या महिन्यात तुम्ही बाराला ५.२ टन कमी पडता. म्हणजे ५,२०० किलोचे ४५,४४८ रुपये, न पाठवलेल्या मालाचे. हिशोबनीस साहेबांनी महिन्याचा फायदा ८,३६० काढलाय. एका दिवाळीत साडेपाच महिन्यांचा फायदा गेला. अजून सहा महिने बाराच्या खाली आहेत, तिथलाही थोडा थोडा जाईल. १५ टन सांगितले असते तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

पण खरी गोष्ट त्या २५ तारखेत आहे. ताई, तुम्ही म्हणता ‘दर महिन्याला माल देतो’, आणि ते खरंच आहे. मात्र ब्रँच मॅनेजरला महिन्याच्या टनेजचा तेवढा उपयोग नसतो. २५ ते ३१ ला अख्खी भोसरी, अख्खं चाकण माल टाकतं. हबवर ठेवायला जागा नसते, गाड्यांचं भाडं वर गेलेलं असतं, हमाल मिळत नाहीत. त्या दिवसांतला तुमचा सहा टन माल आला नाही तरी त्याची गाडी भरतेच. याउलट ५ ते १५ तारखेला बेंगळुरूची गाडी सुटायच्या वेळी अर्धी रिकामी असते आणि ती तशीच सोडावी लागते, कारण बाकीच्यांच्या मालाला दिलेला वार पाळायचा असतो. त्या गाडीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाचपाचशे किलो येणार हे त्याला आधी माहीत असेल, तर त्याचे पैसे वाचतात. त्यातलाच वाटा तुम्ही मागायचा.

म्हणून १२ टन विकू नका. मंगळवार आणि शुक्रवार विका.

दुसरी बचत पिकअपची. तुमच्याकडे महिन्यात किती वेळा गाडी येते?

मुग्धा_भोसरी | मंगळवार, रात्री ९:०५

मोजलं. सरासरी १८ वेळा. कधी एक बॉक्स असतो, कधी चाळीस. आम्ही फोन केला की येतात.

निगडीकर | मंगळवार, रात्री ९:३०

एका बॉक्ससाठी गाडी भोसरीत आली तरी ड्रायव्हरचा दिवस आणि डिझेल तेवढंच. माझ्या वेळी लहान पिकअपची एक फेरी १,५०० च्या आसपास पडायची. अठराच्या नऊ झाल्या की त्याचा खर्च कुठे आला ते बघा.

राहुल_चाकण | मंगळवार, रात्री ९:५०

निगडीकर साहेब, इथे थोडं वेगळं मत. ती पिकअप फक्त ताईंसाठी येत नाही. त्याच गल्लीत चार पार्ट्या असतात, सगळ्यांचा माल घेत फिरते. त्यामुळे नऊ फेऱ्या वाचल्या म्हणजे नऊ गुणिले पंधराशे वाचले असं तो मान्य करणार नाही.

निगडीकर | मंगळवार, रात्री १०:००

बरोबर आहे. पूर्ण वाचत नाहीत. पण गल्लीचा रूट ठरवता येतो, आणि ऐन संध्याकाळी सहाला येणारा ‘आत्ता गाडी पाठवा’ हा फोन बंद होतो. त्या फोनची किंमत फार असते. हबची गाडी सुटायची वेळ त्यामुळेच हुकते.

कोकणमेवा_पिरंगुट | बुधवार, सकाळी ११:१०

मध्येच विचारते, चालेल ना? आमचा आंबा पल्प आणि लोणच्यांचा व्यवसाय, पिरंगुटला पॅकिंग. आमचा माल मार्चअखेर ते जून, मग दिवाळीपर्यंत जवळजवळ काहीच नाही. दरमहा पक्कं म्हणायला आमच्याकडे काही नाहीच. मग आम्हाला कायम चढाच दर पडणार का? कुरियरवाले तर ऐकूनही घेत नाहीत.

निगडीकर | बुधवार, दुपारी २:००

ताई, हंगामही पक्काच असतो, फक्त तो फेब्रुवारीत सांगावा लागतो. ‘एप्रिल, मे, दर सोमवारी आणि गुरुवारी, अमुक शहराला इतक्या पेट्या’ असं तारखांसकट द्या आणि दर त्या आठवड्यांपुरताच मागा. वर्षाचा करार तुमच्यासाठी नाही. आणि बरण्या असतील तर फुटीची जबाबदारी कोणाची हे दराच्या आधी ठरवा, नाहीतर दर कमी मिळून उपयोग नाही. कुरियरचं मला फारसं कळत नाही.

निगडीकर | बुधवार, दुपारी २:४०

मुग्धाताई, तुमच्याकडे वळतो. एका बॉक्सचं माप आणि वजन सांगा. आणि बिलावर सीएफटी, म्हणजे एका घनफुटाला किती किलो धरायचे तो आकडा, किती धरलाय?

मुग्धा_भोसरी | बुधवार, दुपारी ३:१५

सगळ्यात जास्त जाणारा बॉक्स पॅकिंगसकट ८० × ६० × ३० सेंटीमीटर. काट्यावर २६ किलो भरतो. बिलावर ५३ किलो लागतो. सीएफटी १० लिहिलंय. मी समजत होते की हा ट्रान्सपोर्टचा सरकारी नियम आहे.

निगडीकर | बुधवार, सायंकाळी ६:२०

नियम नाही, तो ठरवायचा आकडा आहे. सहा, सात, आठ, दहा, पार्टी बघून लावतात. तुमच्या बॉक्सचं माप गुणून २७,००० ने भागलं की ट्रान्सपोर्टच्या हिशोबाने ५.३३ घनफूट येतं. त्याला दहाने गुणलं की ५३ किलो, आठने गुणलं की साधारण ४३, सातने ३७. खरं वजन २६ आहे, म्हणजे तुमचं भाडं काट्यावर कधी ठरतच नाही, टेपवर ठरतं.

आता बघा. साडेनऊ रुपयांनी आज एका बॉक्सला ५०७ रुपये पडतात. त्यांनी ८ टक्के दिले तर ४६६. पण दर साडेनऊच ठेवून सीएफटी आठ केला तर ४०५! तुम्ही ज्या दरावर भांडत होता, त्याच्या अडीचपट पैसे त्या बाजूच्या आकड्यात पडले होते.

तो आठ का देईल? कारण पुण्यातून दक्षिणेला जाणारा माल बघा. कास्टिंग, फोर्जिंग, मशीनचे भाग. गाडीत वजनाची मर्यादा संपते तेव्हा वर अर्धी जागा मोकळी असते. तुमचे बॉक्स हलके आणि फुगीर, ते त्या मोकळ्या जागेत वर बसतात. ठरलेल्या वारी ठरलेले बॉक्स येणार असतील तर त्याला खाली जड माल किती घ्यायचा हे आधी ठरवता येतं. हे बेंगळुरू आणि हैदराबादला चालेल. इंदूरच्या गाडीत काय भरतात ते मला नीट माहीत नाही, तिथे जोर लावू नका.

एक अट मात्र तुमच्या बाजूने: बॉक्स एकावर एक रचता आले पाहिजेत. चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे अँगल द्या आणि कितीचा थर चालतो ते बॉक्सवर छापा. डेंट आलेल्या एका पॅनेलच्या क्लेममध्ये महिन्याची बचत जाते.

हिशोबनीस | बुधवार, रात्री ९:१०

मी १५ टन म्हणालो होतो ते चुकलं, मान्य. पण निगडीकर साहेब, तुमच्या सल्ल्यात एक खड्डा दिसतोय. ताई किमान माल चार्जेबल वजनात बांधून देणार. ते वजन आज सीएफटी १० ने मोजलंय. सीएफटी ८ झाला की तेवढेच बॉक्स वजनाने कमी दिसणार! आजचे ११ टन उद्या ८.८ होतील, दिवाळीचे ६.८ टन साडेपाचच्याही खाली येतील. जुन्या मापाचा किमान आकडा पत्रात राहिला, तर बॉक्स एकही कमी न होता ताई कमी पडलेल्या ठरतील.

निगडीकर | बुधवार, रात्री ९:२५

फार मोलाचं बोललात. हे मी लिहायला हवं होतं. ताई, किमान आकडा किलोत न बांधता बॉक्सच्या संख्येत बांधायचा प्रयत्न करा. ते ऐकले नाहीत तर नव्या सीएफटीने वजन काढून मगच.

मुग्धा_भोसरी | गुरुवार, सकाळी १०:४०

खरंच आभारी आहे. काल रात्री आम्ही दोघांनी बसून बिल्टीच्या रजिस्टरवरून बेंगळुरूचे बॉक्स आठवड्याप्रमाणे मोजले. दिवाळीचे दोन आठवडे सोडले तर २५ तारखेआधीच्या आठवड्यांत १२ च्या खाली एकदाही गेलेलो नाही. प्रॉडक्शनचा क्रम बदलला तर १६ सहज होतील असं हे म्हणतात. महिनाअखेरीचं बिलिंग सोडायला ते तयार नव्हते. तेव्हा मी चार गिऱ्हाइकांना फोन केले. तिघांना माल आधी आला तर हवाच आहे, बिलाची तारीख त्यांना चालते.

शुक्रवारी सही करणार नाही असं कळवलंय. पुढच्या बुधवारी त्यांच्या ब्रँचला मीटिंग आहे. सेल्सच्या साहेबांऐवजी ब्रँच मॅनेजर भेटणार आहेत.

राहुल_चाकण | गुरुवार, दुपारी १२:३०

मीटिंगला जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फ्युएल सरचार्ज. दर कमी करतात आणि सरचार्ज हळूच वाढवतात. करार करायच्या दिवशी पुण्यात डिझेलचा भाव काय आहे तो पत्रात लिहून घ्या, आणि भाव किती रुपयांनी हलला की सरचार्ज किती हलणार, खालीही आणि वरही, ते लिहा. दोन, सगळा माल एकाला बांधू नका. आम्ही ७०-३० ठेवतो. एकाची गाडी आली नाही तर दुसऱ्याला फोन करता येतो.

निगडीकर | गुरुवार, दुपारी १:१०

डिझेलचं पूर्ण पटलं. ७०-३० चं नाही पटत. ताईंचा माल इतका थोडा आहे की त्याचे दोन वाटे केले तर कोणालाच मंगळवार-शुक्रवार पक्का मिळणार नाही, आणि ज्याच्या बदल्यात सूट मागतोय तेच हातून जाईल. फार तर शहरं वाटा, बेंगळुरू-हैदराबाद एकाला, इंदूर दुसऱ्याला.

राहुल_चाकण | गुरुवार, दुपारी १:४०

आमचा एकदा एकच ट्रान्सपोर्टर होता आणि त्याने ऐन मार्चमध्ये आठवडाभर गाडी लावली नाही. लाइन बंद पडायची वेळ आली. त्यानंतर आम्ही हे शिकलो. मी माझ्या मतावर आहे.

मुग्धा_भोसरी | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९:१५

उशीर झाला, पण सगळं ठरेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ब्रँच मॅनेजरांसमोर मी टनेजचा विषयच काढला नाही. वर्षभराच्या आठवड्यांचा तक्ता ठेवला, त्यात दिवाळीचे दोन आठवडे लाल केले होते. म्हटलं, मंगळवार-शुक्रवार दुपारी चारला माल पॅक होऊन, बिल्टी आणि ई-वे बिल तयार करून गेटवर ठेवते, गाडी थांबणार नाही. बेंगळुरूचे आठवड्याला किमान १२ बॉक्स. दिवाळीचे दोन आठवडे मोजायचे नाहीत. त्यांची गाडी आली नाही तर तो आठवडाही मोजायचा नाही. ते तक्ता बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, ‘मॅडम, ही शुक्रवारची गाडी आमची कायम हलकी जाते.’ तिथेच मला कळलं की जमणार.

मिळालं ते असं. बेंगळुरू आणि हैदराबादला सीएफटी ८, दर ९ रुपये २० पैसे. ५०७ चा बॉक्स आता ३९३ ला जातो. इंदूरला काहीच कमी झालं नाही, सीएफटी १०च राहिला. डिझेलचा भाव पत्रात लिहून घेतला. किमान आकडा बॉक्समध्ये मान्य केला, पण दर आठवड्याला न बघता तिमाहीची बेरीज बघायची असं त्यांनीच सुचवलं, ते माझ्याही सोयीचं आहे.

एक मुद्दा अडलाय. कमी पडलं तर न पाठवलेल्या मालाचं भाडं द्यायचं, हे त्यांनी काढलं. पण त्याऐवजी त्या तिमाहीला जुना दर लावून फरक मागणार म्हणतात. मी म्हटलं, फक्त जेवढे बॉक्स कमी तेवढ्यांवर फरक घ्या. हेड ऑफिसला विचारून सांगतो म्हणालेत. तोवर नवा दर सुरू केलाय, ईमेलवर लिहून घेतलं.

हिशोबनीस | शनिवार, रात्री ९:४०

अभिनंदन! फरक तिमाहीच्या शेवटी बिलाने मागणार की डेबिट नोटने? आणि नवा दर बिलातच लागतोय ना? ‘आधी जुन्या दराने भरा, मग परत देऊ’ असं असेल तर ते पैसे मागत फिरावं लागतं.

मुग्धा_भोसरी | शनिवार, रात्री ९:५५

बिलातच लागतोय, ते आधीच विचारलं होतं. फरक कसा मागणार ते विचारायचं राहिलं, सोमवारी विचारते.

निगडीकर | रविवार, सकाळी ७:३०

ताई, मन भरून आलं वाचून. आता पहिल्या दोन-तीन बिलांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. माप हबवर पुन्हा घेतात आणि तिथला माणूस टेप सैल धरतो. पुठ्ठा थोडा फुगला की ८० चे ८४ आणि ३० चे ३३ होतात. गुणून बघा, ४३ चे ४९ किलो झालेले दिसतील आणि मिळवलेली निम्मी सूट गेलेली असेल. पिकअपच्या पोरासमोर टेप लावा, बिल्टीवर लांबी-रुंदी-उंची लिहा, त्याची सही घ्या आणि बॉक्सला टेप लावलेला फोटो त्याच दिवशी ब्रँचला पाठवा.

मुग्धा_भोसरी | रविवार, सकाळी ८:१०

काका, परवाच्या बिल्टीवर माप लिहिलेलं नाही. आठ बॉक्स गेलेत, फोटोही काढला नाही. उद्या सकाळी ब्रँचला फोन करून हबवर काय माप टाकलंय ते विचारते. मंगळवारपासून टेप गेटवरच बांधून ठेवते.